तिसरं रनिंग बिल हातात आहे. प्लास्टर आणि वीटकामाची मापं एम.बी.शी कशी ताडायची?

सुरेखा_कोरेगाव
कोरेगावला वडिलांच्या घराचं काम चालू आहे. तळमजला उभा आहे, वरचा स्लॅब टाकून झालाय, आतलं प्लास्टर बरंचसं झालंय. ठेका आयटम रेटवर आहे, म्हणजे वीटकाम घनमीटरने, प्लास्टर चौरस मीटरने, सळई किलोने. कंत्राटदाराने तिसरं बिल दिलंय. त्यात आतलं प्लास्टर २१४.६० चौ.मी., दर ३२० रुपये, रक्कम ६८,६७२. दुसऱ्या बिलात ९६.०० चौ.मी.चे पैसे दिलेले आहेत. माझं काम हिशेबाचं, त्यामुळे गुणाकार तपासले, ते बरोबर आहेत. पण मापं बरोबर आहेत हे कसं बघायचं? एम.बी. म्हणजे मोजमापांची एक वही आहे, ती कंत्राटदाराचाच सुपरवायझर भरतो.

हॉलची त्याची नोंद अशी आहे: आतून ५.०० × ४.००, उंची ३.००. चारही भिंती ५४.००, अधिक खिडक्यांच्या कडा, म्हणजे भोकाच्या आत दिसणारी ०.२३ ची भिंतीची जाडी, २.४८, अधिक डायनिंगकडच्या मोकळ्या ओपनिंगच्या कडा १.४३. एकूण ५७.९१. वजावट काहीच नाही. मुख्य दार १.०० × २.१०, दोन खिडक्या १.५० × १.२०, डायनिंगचं ओपनिंग २.०० × २.१०, आणि एक झरोका ०.६० × ०.६०.

तुषार_एन
प्लास्टरमध्ये ओपनिंग वजा करत नाहीत, सगळीकडे हीच पद्धत आहे. दार-खिडकीच्या कडांना जी मेहनत लागते ती त्यात भरून निघते. त्यामुळे ५४ बरोबरच आहे, त्यावर वाद घालू नका.

ओळंबा
तुषार, तुम्ही म्हणता ती पद्धत आहे, पण ती अर्धीच सांगितलीत. ओपनिंग वजा करायचं नाही, कारण कडा वेगळ्या धरायच्या नाहीत. हा सौदा आहे. सुरेखाताईंच्या बिलात ओपनिंगही वजा नाही आणि कडाही जोडल्यात. एकाच कामाचे पैसे दोनदा लागलेत.

नियम आयएस १२०० या मोजमापाच्या भारतीय मानकाच्या बाराव्या भागात आहे आणि तो ओपनिंगच्या आकारावर चालतो. ०.५ चौ.मी. पर्यंतचं भोक असेल तर वजावट नाही, कडाही नाहीत. तुमचा झरोका ०.३६ चा आहे, तो सोडून द्या. ०.५ ते ३ चौ.मी. मध्ये दोन्ही बाजूंना एकच प्लास्टर असेल तर एकाच बाजूची वजावट करायची आणि कडा धरायच्या नाहीत. ३ चौ.मी. च्या वरचं असेल तर दोन्ही बाजूंची पूर्ण वजावट, आणि मग कडा मोजून जोडायच्या.

डायनिंगचं ओपनिंग ४.२० चं आहे. तिथे कंत्राटदाराला कडा मिळतात, पण ४.२० हॉलमधूनही जातात आणि डायनिंगमधूनही. आणि कडा एकदाच लिहायच्या. हॉलमध्ये लिहिल्या असतील तर डायनिंगच्या पानावर पुन्हा दिसता कामा नयेत. ते पान आधी उघडून बघा.

सुरेखा_कोरेगाव
उघडलं. डायनिंगच्या नोंदीतही "ओपनिंग कडा १.४३" आहे :(

मग खिडक्यांचं काय? आत एक प्लास्टर आणि बाहेर दोन थरांचं वाळूचं असणार आहे. बाहेरचं अजून सुरूही झालं नाही.

ओळंबा
चांगला प्रश्न, इथेच बरेच इंजिनिअरही गडबडतात. आत-बाहेर प्लास्टर वेगळं असेल तर वजावट कुठल्या बाजूने करायची हे चौकट भिंतीच्या जाडीत कुठे बसली आहे त्यावर ठरतं. ज्या बाजूला चौकटीबाहेर भिंतीची कमी कड उघडी राहते, त्या बाजूच्या प्लास्टरमधून वजावट. दुसऱ्या बाजूने काही नाही, कारण तिथे गवंड्याला रुंद कड भरावी लागते. चौकट बरोबर मध्यावर असेल तर दोन्ही बाजूंनी निम्मी-निम्मी.

आपल्याकडे दाराची चौकट बहुतेक आतल्या प्लास्टरला लागून असते. म्हणून दाराचे पूर्ण २.१० आतून जातील. खिडक्यांना टेप लावा. आतून किती कड दिसते, बाहेरून किती?

सुरेखा_कोरेगाव
दाराची चौकट आत लागूनच आहे. खिडक्यांना ग्रॅनाइटची चौकट आहे, मधोमध. दोन्हीकडे साधारण सारखीच कड.

ओळंबा
मग हॉलचं पान असं व्हायला हवं:

चार भिंती: २ × (५.०० + ४.००) × ३.०० = ५४.००
वजा मुख्य दार, पूर्ण: १.०० × २.१० = २.१०
वजा खिडक्या, निम्म्या: २ × १.५० × १.२० × ½ = १.८०
वजा डायनिंग ओपनिंग: २.०० × २.१० = ४.२०
अधिक त्याच ओपनिंगच्या कडा: (२.१० + २.१० + २.००) × ०.२३ = १.४३
निव्वळ: ४७.३३ चौ.मी.

बिलात ५७.९१. एका हॉलमध्ये १०.५८ चा फरक. खिडक्यांचे राहिलेले १.८० बाहेरच्या प्लास्टरमधून जायचे आहेत. त्यामुळे आत्ताच त्या नोंदीशेजारी "उरलेली निम्मी वजावट बाहेरील प्लास्टरमध्ये" असं लिहून ठेवा. बाहेरचं बिल येईल तेव्हा ही गोष्ट कोणाच्याही लक्षात राहणार नाही.

बिलवाला
मी कंत्राटदाराच्या बाजूने बिलं करतो, म्हणून दुसरी बाजू सांगतो. ओळंबासाहेबांनी सांगितलेला नियम बरोबर आहे, पण तो लागू कधी? करारात "मापं आयएस १२०० प्रमाणे" असं लिहिलं असेल तर. गावाकडच्या घरांच्या करारात हे वाक्य नव्वद टक्के वेळा नसतं. कंत्राटदाराने ३२० चा दर देताना भिंती भरीव धरल्या असतील तर ५४.०० हाही प्रामाणिक आकडा असू शकतो. ५७.९१ मात्र कुठल्याच पद्धतीत बसत नाही, ते मान्य.

सुरेखा_कोरेगाव
करारात फक्त "प्रत्यक्ष मोजमापाप्रमाणे" एवढंच आहे.

ओळंबा
"प्रत्यक्ष" म्हणजे जिथे प्लास्टर आहे तेवढंच, असं कोणी म्हटलं तर दाराच्या भोकाचे २.१० द्यायचं कारण नाही. पण मग खिडकीच्या कडाही प्रत्यक्षच आहेत. म्हणून त्या शब्दाने दोघांनाही हवं ते काढता येतं. बसून एक पद्धत ठरवा, कागदावर सही घ्या, आणि ती पहिल्या बिलापासून सगळ्या खोल्यांना लावा. एका बिलात एक आणि दुसऱ्यात दुसरी असं नको.

माधव_पेण
माझंही काम चालू आहे, स्क्वेअर फुटाला एकच दर ठरलाय, मटेरियलसकट. आता प्लास्टर झाल्यावर त्याने पैसे मागितलेत. मीही अशीच खिडक्यांची वजावट करू का? माझ्याकडे खिडक्या बऱ्याच आहेत.

बिलवाला
माधवराव, तुमचा ठेका वेगळा. तुमच्याकडे प्लास्टर मोजायचंच नाही. बांधीव क्षेत्रफळ गुणिले दर, आणि टप्प्याटप्प्याने टक्के. तुम्हाला मोजायचं ते स्लॅबचं क्षेत्रफळ. बाल्कनी, जिन्याची टोपी, छज्जे पूर्ण धरलेत की निम्मे, ते करारात बघा. खिडक्या विसरा.

माधव_पेण
टप्पे ठरलेत, प्लास्टरला १५ टक्के. पण बाहेरचं अजून बाकी आहे.

बिलवाला
मग "प्लास्टर" या टप्प्यात बाहेरचं येतं का ते विचारा. लिहिलं नसेल तर वाद तिथेच आहे. वेगळा धागा काढा, इथे सुरेखाताईंचा हिशेब मध्येच राहील.

अनघा_साइट
सुरेखाताई, प्लास्टरबरोबर वीटकामाच्या नोंदीही काढा. त्यात चूक सापडते ती बहुतेक तीन ठिकाणी. लांबी कॉलमच्या मध्यापासून मध्यापर्यंत धरलेली असते. उंची स्लॅबच्या तळापर्यंत धरलेली असते, मधला बीम कोणी वजा करत नाही. आणि दार-खिडकीवरचा काँक्रीटचा लिंटेल वजा करायचा राहतो. खिडकी मात्र सगळे वजा करतात, त्यामुळे नोंद बघताना वाटतं की वजावट झाली आहे.

सुरेखा_कोरेगाव
हॉलची एक लांब भिंत सांगते. वहीत: ५.२३ × ०.२३ × ३.०० = ३.६१, वजा खिडकी १.५० × १.२० × ०.२३ = ०.४१, निव्वळ ३.१९. कॉलम २३० × ४५०, लांब बाजू याच भिंतीत. बीम ४५०, स्लॅब १२०.

अनघा_साइट
घ्या, तिन्ही आहेत. ५.२३ हे मध्य ते मध्य माप. दोन्ही टोकांना कॉलमची निम्मी-निम्मी बाजू जाते, म्हणजे ०.४५. दोन कॉलमच्या आतली मोकळी लांबी ४.७८ असायला हवी, टेप लावून खात्री करा. बीम ४५० चा, त्यातला १२० स्लॅबमध्येच आहे, म्हणून स्लॅबच्या तळाखाली ०.३३ लोंबतो. भिंतीची उंची ३.०० नाही, २.६७.

४.७८ × ०.२३ × २.६७ = २.९४
वजा खिडकी = ०.४१
वजा लिंटेल, दोन्हीकडे १५ सें.मी. टेकू धरून: १.८० × ०.२३ × ०.१५ = ०.०६
निव्वळ २.४६ घ.मी.

वहीत ३.१९. एका भिंतीत ०.७३ घ.मी., म्हणजे खऱ्या कामाच्या वर जवळजवळ तीस टक्के. कॉलम, बीम, लिंटेल यांचे पैसे काँक्रीटच्या आयटममध्ये आधीच गेलेले आहेत. त्याच जागेचे विटांच्या दराने पुन्हा.

तुषार_एन
३.६१ वजा ०.४१ म्हणजे ३.२० होतात, वहीत ३.१९ कसे? तिथेच गोंधळ दिसतोय.

अनघा_साइट
तो गोंधळ नाही. ३.६०८७ वजा ०.४१४० म्हणजे ३.१९४७. माझ्याही वर २.९४ − ०.४१ − ०.०६ केलं तर २.४७ येतील, खरा आकडा २.४६ आहे. मापं सेंटिमीटरपर्यंत घ्यायची आणि उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत लिहायचं. प्रत्येक ओळ आधी गोल करायची की शेवटी, हे दोघांनी एकच ठेवलं की झालं. सरकारी वहीत प्रत्येक ओळीचं उत्तर गोल करूनच स्तंभात लिहितात. एक्सेल वापरत असाल तर तिथे हे असं:

```
=ROUND(B2*C2*D2*E2,2)
```

B संख्या, C लांबी, D रुंदी, E उंची. रुंदीचा रकाना रिकामा ठेवलात तर उत्तर शून्य येतं. प्लास्टरला तिथे १ टाका.

बिलवाला
उंचीबद्दल एक. अनघाताईंनी २.६७ धरलं ते जोत्याच्या वरच्या पातळीपासून. काही साइटवर भिंत जोत्याच्या बीमवरून सुरू होते आणि तो बीम भरावाच्या खाली असतो. तेव्हा भिंत दिसते त्यापेक्षा जास्त असते आणि ते काम गाडलं गेलेलं असतं. ते माप भरावाच्या आधीच घेतलेलं नसेल तर नंतर कोणाचंच खरं मानता येत नाही.

ओळंबा
म्हणूनच गाडलं जाणारं काम आधी मोजायचं हा एम.बी.चा पहिला धर्म आहे. पाया, पी.सी.सी. म्हणजे पायाखालचं साधं काँक्रीट, जोत्याखालचं बांधकाम, सळई. त्या नोंदीची तारीख भरावाच्या किंवा काँक्रीटच्या तारखेच्या आधीची असली पाहिजे. सुरेखाताई, तुमच्या वहीत एक गंमत करून बघा. स्लॅब कुठल्या दिवशी पडला ते तुम्हाला माहीत असेलच. सळईच्या नोंदीवर कुठली तारीख आहे?

सुरेखा_कोरेगाव
सळईला नोंदच नाही! बिलात "स्लॅब व बीम सळई १,४८० किलो, चलनाप्रमाणे" असं आहे. चलनं जोडली आहेत. त्यांची बेरीज जुळते.

ओळंबा
चलन म्हणजे आलेला माल. बिल लागलेल्या मालाचं व्हायला हवं. चलनात शिल्लक सळया असतात, कापून उरलेले तुकडे असतात, आणि कधीकधी दुसऱ्या साइटला गेलेलं बंडलही असतं. लागलेली सळई मोजायची ती नकाशाप्रमाणे आणि जागेवर मोजलेल्या संख्येप्रमाणे: संख्या × कापलेली लांबी × मीटरचं वजन. वजन काढायला व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन d²/162. आठ मि.मी.ला ०.३९५ किलो, दहाला ०.६१७, बाराला ०.८८८. नकाशात दाखवलेले जोड आणि हुक लांबीत धरतात. तुकड्यांची नासाडी आणि बांधायची तार धरत नाहीत, ती दरात आलेली असते.

आता स्लॅब पडून गेलाय. काँक्रीटच्या आधीचे फोटो आहेत का?

सुरेखा_कोरेगाव
आहेत. हॉलच्या स्लॅबवर ५ मीटरच्या कडेने टेप टाकून काढलेला एक फोटो आहे, भावाने काढला होता. मोजल्या तर आठ मि.मी.च्या २९ सळया दिसतात. नकाशात १५० मि.मी. अंतर लिहिलंय.

अनघा_साइट
१५० ने ५.०० मीटरमध्ये ३४ यायला हव्यात: ५.०० भागिले ०.१५ म्हणजे ३३ गाळे, अधिक एक. २९ सळया म्हणजे २८ गाळे, म्हणजे अंतर १७८ च्या आसपास पडलंय. लांबी ४.६० धरली तर ३४ चे ६१.७८ किलो, २९ चे ५२.६९. बिलात फरक नऊ किलोचा. पण इथे बिलाचा प्रश्न दुय्यम आहे. कमी सळई पडली असेल तर ते डिझाइन करणाऱ्याला आजच दाखवा.

तुषार_एन
फोटोत टोकाच्या एक-दोन सळया बीमच्या पिंजऱ्यात लपलेल्या असू शकतात. २९ वरून लगेच निष्कर्ष नको.

अनघा_साइट
बरोबर. म्हणूनच दाखवा म्हटलं. टोकं सोडून मधल्या भागात एका मीटरमध्ये किती गाळे येतात ते मोजा, ते जास्त खरं. सहा-सात यायला हवेत. पाच-साडेपाच येत असतील तर अंतर जास्त आहे.

सुरेखा_कोरेगाव
मीटरमध्ये साडेपाच गाळे. इंजिनिअरना फोटो पाठवलाय.

बरं, मी काल भावाला घेऊन सगळ्या खोल्या टेपने मोजल्या. कंत्राटदाराचा सुपरवायझर बोलावला होता, तो आला. झरोके सोडले, दारं आतून पूर्ण, खिडक्या निम्म्या, मोठी ओपनिंग दोन्हीकडून. तळमजल्याचं आतलं प्लास्टर आजपर्यंतचं एकूण २६२.४० चौ.मी. भरलं. त्यातलं स्वयंपाकघर आणि मागची खोली, जी दुसऱ्या बिलात ९६.०० होती, ती ८४.२० भरली. तिसऱ्या बिलात स्वयंपाकघराची उत्तरेकडची भिंत ३.५० × ३.०० = १०.५० पुन्हा आहे. आता ९६ चे पैसे तर देऊन झालेत. ते कसे परत मागू?

बिलवाला
मागू नका, वळते होतात. रनिंग बिल "या बिलात किती" अशा पद्धतीने करायचंच नसतं. "आजपर्यंत एकूण किती" हे काढायचं, त्यातून "आधी किती दिलं" वजा करायचं, जे उरेल ते यावेळी द्यायचं. मागची जादा रक्कम आपोआप कापली जाते, वाद होत नाही. तिसऱ्या बिलात फक्त २१४.६० लिहिलंय, एकूण लिहिलेलं नाही, हीच मुळात खूण आहे. एकूण लिहिलं असतं तर ३१०.६० दिसलं असतं. तळमजल्याच्या प्लास्टरला तेवढं क्षेत्र आहे का हा प्रश्न बघताक्षणी पडला असता. दोनदा लागलेली भिंतही अशीच लपते.

ओळंबा
अगदी. आणि प्रत्येक नोंदीला जागा लिहिलेली हवी. "प्लास्टर, तळमजला" हे पुरेसं नाही. "स्वयंपाकघर, उत्तर भिंत" असं हवं. खोलीत शिरल्यावर दाराच्या डाव्या हातापासून सुरू करून फिरत यायचं, म्हणजे भिंत सुटतही नाही आणि दोनदा लागतही नाही.

एक विचारायचं राहिलं. तिसऱ्या बिलातल्या प्लास्टरवर नीरू, म्हणजे वरचा चुन्याचा गुळगुळीत थर, झालाय का?

सुरेखा_कोरेगाव
स्वयंपाकघर आणि मागच्या खोलीत झालाय. बाकी ठिकाणी नुसतं प्लास्टर, खरबरीत. आयटममध्ये "नीरू फिनिशसह" लिहिलंय.

ओळंबा
मग पूर्ण दर देऊ नका. आयटम अर्धवट आहे, त्याला पार्ट रेट लावतात. नीरूचा किती भाग धरायचा ते दराच्या पृथक्करणावरून ठरवायचं. ते नसेल तर दोघांच्या संमतीने.

सुरेखा_कोरेगाव
तो ४० ला तयार झाला. म्हणजे नीरू नसलेल्याला २८०. मग माझा हिशेब असा:

नीरूसह ८४.२० × ३२० = २६,९४४
नीरू बाकी (२६२.४० − ८४.२० = १७८.२०) × २८० = ४९,८९६
आजपर्यंत एकूण ७६,८४०
वजा दुसऱ्या बिलात दिलेले ९६.०० × ३२० = ३०,७२०
आता देय ४६,१२०

त्याने मागितले ६८,६७२. फरक २२,५५२.

बिलवाला
हिशेब चोख. फक्त त्याच्यासमोर मांडताना २२,५५२ "खाल्ले" असं म्हणू नका. त्यातले ७,१२८ नीरूचे आहेत, ते पुढच्या बिलात त्याला मिळणारच आहेत. मापातला खरा फरक ४८.२० चौ.मी. चा, १५,४२४ रुपयांचा. त्यातही काही भाग पद्धतीच्या फरकाचा आहे, त्याला चोरी म्हणता येणार नाही. दोनदा लागलेली भिंत आणि दोनदा लागलेल्या कडा, त्या मात्र सरळ चुका.

अनामत टक्केवारी करारात असेल तर ती आता एकूण ७६,८४० वर काढा आणि आधी कापलेली वजा करा. तेही एकूणवरच चालतं.

तुषार_एन
मान्य, कडांचं मी चुकलो. पण एक सांगा, हॉलची उंची ३.०० कुठून घेतली? फरशी अजून बसलेली नाही ना?

सुरेखा_कोरेगाव
खालच्या काँक्रीटपासून स्लॅबच्या तळापर्यंत. फरशी बाकी आहे. मसाला आणि फरशी मिळून ८ सें.मी. चढेल म्हणतात.

तुषार_एन
मग माप फरशीच्या वरून घ्यायला हवं. १८.०० × ०.०८ = १.४४, दार आणि ओपनिंगची ३ मीटर रुंदी सोडली तर १.२० चौ.मी. जादा. प्रत्येक खोलीत.

ओळंबा
यावर माझं उत्तर एकच नाही. नियमात उंची फरशीच्या किंवा स्कर्टिंगच्या वरून छतापर्यंत आहे, त्या हिशेबाने तुषार बरोबर आहेत. पण कंत्राटदाराने फरशीच्या आधी प्लास्टर खालपर्यंत नेलं असेल आणि तसं त्याला सांगितलं गेलं असेल, तर ते काम झालेलं आहे. बघायचं काय, तर प्लास्टर खाली कुठे थांबलंय. पुष्कळ ठिकाणी गवंडी स्कर्टिंगसाठी खालची पट्टी सोडतो. मग ३.०० लिहिणं चूकच.

बिलवाला
मी तर खालपर्यंत असेल तर ३.०० च लावेन :) सांगितलं म्हणून केलं.

सुरेखा_कोरेगाव
हॉलमध्ये खालपर्यंत आहे. बेडरूममध्ये साधारण १० सें.मी. पट्टी सोडली आहे. म्हणजे बेडरूमचं माप आम्हीही काल चुकीचं घेतलं. २६२.४० पुन्हा करावं लागणार.

अनघा_साइट
फक्त बेडरूमची पट्टी वजा नोंद म्हणून खाली लिहा, आधीचं खोडू नका. "वजा बेडरूम, स्कर्टिंगसाठी सोडलेली पट्टी", लांबी × ०.१०, दारांची रुंदी लांबीतून आधी काढून. वहीत आकडा बदलायचाच झाला तर एक रेघ मारून शेजारी नवा लिहायचा, दोघांची छोटी सही. खोडरबर किंवा गिरवागिरवी झालेला आकडा कोणी मानत नाही. आणि वही पेन्सिलने भरलेली असेल तर आजच दोघांच्या सहीने पानं शाईने पुन्हा लिहून घ्या, पानांना क्रमांक टाका.

सुरेखा_कोरेगाव
पेन्सिलनेच आहे. आणि पानं मोजली तर स्टेपलपाशी दोन फाटलेली आहेत.

ओळंबा
ती कुठल्या बिलाच्या आसपासची आहेत ते आधी बघा. पहिल्या किंवा दुसऱ्या बिलाची असतील तर त्या बिलातल्या प्रत्येक आयटमचं माप जागेवर पुन्हा घ्या, एकूण काढा, आणि सगळं नव्या वहीत लिहा. जुनी वही कंत्राटदाराला परत देऊ नका. प्रत्येक बिल मंजूर झालं की त्या नोंदींवर लाल शाईने तिरकी रेघ, बिलाचा क्रमांक आणि तारीख. तेवढी रेघ असली की तीच भिंत पुढच्या बिलात येत नाही.

सुरेखा_कोरेगाव
फाटलेली पानं पहिल्या बिलाच्या पायाच्या खोदाईची आहेत. ते तर भरून गेलं. खोदाई आता कशी मोजायची?

बिलवाला
पायाच्या नकाशावरून फुटिंगची लांबी-रुंदी मिळेल. खोली मिळणार नाही, जमीन मूळ किती उंच होती याची पातळी कोणी घेतली असेल तरच.

अनघा_साइट
शेजारच्या प्लॉटची न हललेली जमीन आणि जोत्याची उंची यावरून अंदाज येतो. पण उताराची जागा असेल तर तो अंदाजच. तुमची जागा सपाट आहे का?

सुरेखा_कोरेगाव
नाही, मागे ओढ्याकडे उतार आहे. फोटो शोधते.